सिंह रास एक, पण सिंह तीन प्रकारचे: द्रेष्काण म्हणजे काय?

इयरफोन लावून ऐकायला वेळ नसेल, तर हा भाग इथे निवांत वाचा. बोलताना जे घाईत राहून गेलं, ते लिहिताना जरा नीट मांडलंय.

आजचा प्रश्न साधा आहे. एकाच महिन्यात जन्मलेले दोन सिंह राशीचे मित्र घ्या. एक चारचौघांत पुढे येऊन बोलणारा, दुसरा मागे राहून सल्ला देणारा. मग दोघांचं राशिभविष्य एकच कसं? ज्योतिषात याचं एक जुनं उत्तर आहे, द्रेष्काण.

आधी हिशोब समजून घेऊ

आकाशातलं राशिचक्र 360 अंशांचं आणि राशी बारा, म्हणजे एका राशीला 30 अंश मिळतात. त्या 30 अंशांचे दहा-दहाचे तीन तुकडे केले, की प्रत्येक तुकडा म्हणजे एक द्रेष्काण. सगळ्या राशींचे मिळून 36 होतात. शब्द संस्कृत वाटतो, पण तो ग्रीक भाषेतून आलाय आणि त्याच्या मुळाशी 'दहा' हाच आकडा आहे. त्याच्याही आधी इजिप्तमध्ये रात्रीची वेळ ओळखायला ताऱ्यांचे 36 गट वापरत. आपल्याकडे वराहमिहिराने 'बृहज्जातक' या ग्रंथात या छत्तीस द्रेष्काणांची एकेक चित्रासारखी वर्णनं केली आहेत.

आता कोणत्या तुकड्याचा मालक कोण? नियम एक-पाच-नऊचा. पहिल्या दहा अंशांचा स्वामी त्या राशीचाच स्वामी. दुसऱ्या दहाचा स्वामी त्या राशीपासून पाचव्या राशीचा, आणि तिसऱ्याचा स्वामी नवव्या राशीचा. मोजताना स्वतःच्या राशीला एक धरायचं.

सिंह घेऊन बघा. पहिला द्रेष्काण सिंहेचाच, स्वामी रवी. सिंहेपासून पाचवी रास धनु, म्हणून दुसऱ्याचा स्वामी गुरू. नववी मेष, म्हणून तिसऱ्याचा मंगळ. तिन्ही अग्नितत्त्वाच्या राशी आहेत, त्यामुळे मूळ स्वभाव बदलत नाही, छटा बदलते. पहिल्या भागातला सिंह मान-सन्मानाला जपणारा. दुसऱ्यातला शिकवणारा, समजावणारा, थोडा उपदेश करणारा. तिसऱ्यातला आधी उडी मारणारा, मग विचार करणारा. वाचन करताना राशीचं वर्णन खोडायचं नसतं, त्यावर हा दुसरा रंग चढवायचा असतो.

तुमचा द्रेष्काण कसा काढायचा

सूर्य दिवसाला साधारण एक अंश पुढे सरकतो, म्हणून एका द्रेष्काणात तो दहा-साडेदहा दिवस राहतो. त्यामुळे बहुतेकांना जन्मतारीख पुरते. घरी जन्म झालाय, वेळ कुणी लिहून ठेवली नाही, आजी फक्त "सकाळी, रोवण्याच्या दिवसांत" एवढंच सांगते, तरी तारीख पक्की असेल तर रवीचा द्रेष्काण निघतो. अडचण फक्त सीमेच्या एका दिवसावर येते. लग्नाचं मात्र असं नाही. इथे लग्न म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवणारी रास. ती दोनेक तासांत बदलते, म्हणून तिचा द्रेष्काण साधारण 40 मिनिटांत बदलतो. तिथे वेळ नक्की हवीच.

खरी गोम इथे आहे

समजा, कुणाचा जन्म 20 ऑगस्टचा आहे. एका ॲपमध्ये तारीख टाकली: सिंह, तिसरा द्रेष्काण, स्वामी मंगळ. दुसऱ्यात टाकली: सिंह, पहिला द्रेष्काण, स्वामी रवी. रास दोन्हीकडे तीच, म्हणून वाटतं की कुठलं तरी ॲप बिघडलंय. तसं नसतं. दोघांची मोजपट्टीच वेगळी असते.

पाश्चात्त्य पद्धत सायन. ती वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात त्या बिंदूपासून मोजते. तिथे सूर्य साधारण 23 जुलैला सिंहेत जातो आणि 20 ऑगस्टला 27 अंशांवर असतो. आपली पंचांगं निरयन, म्हणजे ताऱ्यांना धरून मोजतात. तिथे सूर्य 17 ऑगस्टच्या सुमारास सिंहेत येतो, म्हणजे 20 तारखेला तो जेमतेम तीन अंशांवर. दोन पट्ट्यांमधल्या या फरकाला अयनांश म्हणतात. सध्या तो सुमारे 24 अंश आहे.

आणि महाराष्ट्रात यावर आणखी एक गंमत आहे. निरयन मोजायचं, पण कोणत्या ताऱ्यापासून? बहुतेक पंचांगं चित्रा तारा धरतात. 1950 च्या दशकात मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली भारत सरकारची पंचांग सुधारणा समिती होती, तिनेही चित्राच धरली. पण लोकमान्य टिळकांच्या नावाने छापलं जाणारं टिळक पंचांग रेवती ताऱ्यापासून मोजतं. या दोघांत जवळपास चार अंशांचा फरक आहे. तीस अंशांच्या राशीत चार अंश एकवेळ खपून जातात, पण दहा अंशांच्या तुकड्यात चार म्हणजे खूप झाले.

उदाहरण खुद्द टिळकांचंच घेऊ. जन्म 23 जुलै 1856, रत्नागिरी. त्या वेळी अयनांश आजच्यापेक्षा दोन अंशांनी कमी होता. सायन पद्धतीने त्या सकाळी सूर्य सिंहेत नुकताच शिरला होता, एक अंशसुद्धा पुरा नव्हता. म्हणजे सिंहेचा पहिला द्रेष्काण, स्वामी रवी. चित्रा धरली तर सूर्य कर्केत सुमारे साडेआठ अंशांवर. पहिला द्रेष्काण, स्वामी चंद्र. रेवती धरली तर कर्केतच साडेबारा अंशांच्या आसपास. दुसरा द्रेष्काण, कर्केपासून पाचवी वृश्चिक, स्वामी मंगळ.

माणूस एक, जन्म एक, आणि उत्तरं तीन: रवी, चंद्र, मंगळ. टिळकांचं चरित्र आपल्याला माहीत आहे म्हणून तिन्ही थोडी-थोडी जुळतात असंही वाटेल. सावध व्हायचं ते इथेच. उत्तर आधी माहीत असलं, की कोणताही ग्रह बसवता येतो.

मग वापरायचं कसं?

एक, ॲप उघडलं की सेटिंगमध्ये सायन आहे की निरयन, आणि निरयन असेल तर अयनांश कोणता, ते बघा. एकाच पद्धतीवर राहा. राशीचं वर्णन एका पद्धतीचं आणि द्रेष्काण दुसऱ्या पद्धतीचा, अशी खिचडी सर्रास दिसते.

दोन, तुमचा रवी कोणत्याही दहाच्या सीमेपासून अंश-दीड अंशाच्या आत असेल, तर छटा ठामपणे सांगू नका.

तीन, गावातले जोशीबुवा 'तुमची रास' म्हणतात तेव्हा ती बहुधा चंद्रराशी असते, रवीची नाही. आणि जुन्या पद्धतीत द्रेष्काण कुंडली मुख्यतः भावंडांविषयी बघतात. सूर्यराशीच्या स्वभावाला छटा द्यायला द्रेष्काण वापरणं ही बरीचशी पाश्चात्त्य सवय आहे. दोन्ही एक समजू नका.

आणि शेवटची गोष्ट. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये पुण्यात एक चाचणी घेतली होती. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या पूर्ण कुंडल्या ज्योतिषांना दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. 27 ज्योतिषांची उत्तरं आली. सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. तिथे अख्खी कुंडली हातात होती, इथे आपण एका ग्रहाच्या दहा अंशांबद्दल बोलतोय. म्हणून मित्राला "तू तिसऱ्या द्रेष्काणातला सिंह" म्हणून चिडवा, त्यावर गप्पा मारा, पण कुणाचं स्थळ किंवा नोकरी त्यावरून नाकारू नका.

तुमची तारीख आणि दोन ॲपची दोन उत्तरं आम्हाला पाठवा. पुढच्या भागात त्यातली काही उदाहरणं सोडवू. तोवर भेटत राहू, ऐकत राहा!