ओटा घरचा, अटी धंद्याच्या

घरून डबे आणि छोट्या ऑर्डरी सुरू करणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो ‘एफएसएसएआयचा नंबर काढून घे’ हा. नंबर मिळतोही लवकर. पण त्या अर्जाबरोबर आपण एक घोषणापत्र देतो, आणि त्यात कशाकशाची हमी दिली हे फार थोड्या जणांनी वाचलेलं असतं. छोट्या व्यवसायाच्या नोंदणीत बहुतेक वेळा आधी कुणी स्वयंपाकघर पाहायला येत नाही. आपल्या शब्दावर विश्वास ठेवून नंबर दिला जातो. म्हणूनच नेमका कशाचा शब्द दिला, हे नव्या केटररने आधी समजून घ्यायला हवं.

मूळ कायदा 2006 चा, अन्न सुरक्षा आणि मानके कायदा. त्याच्या कलम 31 नुसार परवान्याशिवाय कोणताही अन्नव्यवसाय करता येत नाही. अगदी छोट्या उत्पादकाला परवान्याऐवजी नोंदणी पुरते. याचा तपशील प्राधिकरणाने 1 ऑगस्ट 2011 च्या अधिसूचनेने काढलेल्या परवाना व नोंदणी विनियमांत आहे. ते 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाले. महाराष्ट्रात अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करतं, आणि अर्ज `foscos.fssai.gov.in` या पोर्टलवर भरायचा असतो.

नोंदणी की परवाना?

विनियमांतली ‘छोट्या उत्पादका’ची व्याख्या नीट वाचण्यासारखी आहे. फेरीवाला, टपरीवाला, स्वतः बनवून स्वतः विकणारा, धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणारा, हे सगळे तिच्या पहिल्या भागात येतात. पण तिथेच केटररला वगळलं आहे. म्हणजे महाप्रसाद वाटणारं मंडळ एका दारातून आत येतं आणि त्याच मांडवात पैसे घेऊन जेवण पुरवणारा दुसऱ्या. केटररला छोटा ठरवते ती व्याख्येच्या दुसऱ्या भागातली उलाढालीची रेषा. 2011 च्या मूळ मजकुरात ती वर्षाला 12 लाख रुपये होती, आणि नोंदणीचं शुल्क वर्षाला 100 रुपये. हे आकडे अधिसूचनेने बदलता येतात, म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टलवर जो आकडा असेल तोच धरावा. हिशेबाची रीत मात्र तीच राहते, आणि गफलत होते ती तिथेच.

समजा, डोंबिवलीतल्या एका ताई रोज 35 डबे देतात. डब्याला 90 रुपये, महिन्याला 26 दिवस. महिन्याचे 81,900 आणि वर्षाचे 9,82,800 रुपये झाले. शिवाय महिन्याला दोन छोट्या ऑर्डरी, बारसं नाहीतर साखरपुडा, 60 ताटं, ताटाला 250 रुपये. त्याचे वर्षाला 3,60,000. एकूण 13,42,800. भाजी, गॅस, मदतनीस, रिक्षा वजा जाता ताईंच्या हातात यातला थोडाच भाग उरतो, म्हणून त्या स्वतःला छोट्याच समजतात. पण कायदा नफा पाहत नाही, उलाढाल पाहतो. नुसत्या डब्यांवर त्या मूळ रेषेच्या आत होत्या. दोन ऑर्डरींनी त्या पलीकडे गेल्या.

रेषेपलीकडे काय बदलतं?

बहुतेकांना वाटतं की परवाना म्हणजे फक्त जास्त शुल्क. खरा फरक विनियमांच्या चौथ्या परिशिष्टात, म्हणजे शेड्यूल 4 मध्ये आहे. स्वच्छतेच्या सगळ्या अटी तिथे भागवार दिल्या आहेत. पहिला भाग नोंदणीवाल्यांचा, दुसरा परवानेवाल्यांचा, आणि पाचवा खास केटरिंगचा.

पहिला भाग कोणतंही नीटनेटकं घर पाळू शकेल असा आहे. जागा स्वच्छ, उजेडाची, हवेशीर आणि कामापुरती मोकळी हवी. भिंती-जमीन धुता यावी, खिडक्यांना जाळी असावी. पाणी पिण्यायोग्य हवं, आणि नळ ठरावीक वेळेलाच येत असेल तर साठवायची स्वच्छ सोय हवी. कचऱ्याचा डबा झाकणाचा. संसर्गजन्य आजार असलेल्या माणसाने अन्नाला हात लावायचा नाही, हाताला जखम असेल तर ती झाकलेली हवी. नखं कापलेली, डोकं झाकलेलं, सैल दागिने नकोत. एक अट जुन्या घरांना विशेष लागू पडते: तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून नीट कल्हई असली पाहिजे. आजीच्या पितळी पातेल्यात आमटी करणार असाल, तर तळाशी कल्हई उडून पिवळा धातू दिसू लागला की ते पातेलं धंद्यातून बाजूला काढावं. आंबट पदार्थात तो धातू उतरतो.

दुसऱ्या भागात मात्र घरच्या केटररने थांबून वाचावं असं एक वाक्य आहे: उत्पादनाच्या जागेची निवासी भागाशी थेट ये-जा नसावी. ज्या स्वयंपाकघराचं दार बैठकीच्या खोलीत उघडतं, जिथून मुलं शाळेतून येऊन पाणी घेतात, त्या स्वयंपाकघराला ही अट पाळणं जवळजवळ अशक्य आहे. त्याच्या जोडीला परवान्याच्या अटी येतात. कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी. कच्चा माल, तयार झालेलं अन्न आणि विक्री यांची रोजची नोंद. माल नोंदणीकृत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडूनच. परवान्याची प्रत दर्शनी भागात. आणि परवान्यात लिहिलेत त्याव्यतिरिक्त दुसरे पदार्थ करायचे नाहीत.

म्हणून धंदा वाढवण्याचा निर्णय हा आधी जागेचा निर्णय असतो. ताईंपुढे दोन सरळ वाटा आहेत. ऑर्डरी आवरून घरचा ओटा आणि नोंदणी राखायची, किंवा वेगळ्या दाराची जागा भाड्याने घेऊन त्या पत्त्यावर परवाना काढायचा. जागा वेगळी तर परवानाही वेगळा; घरच्या पत्त्यावरचा नंबर गाळ्याला चालत नाही. आणि कोणत्याही वाटेने गेलं, तरी अन्नाची नोंदणी म्हणजे सोसायटीची किंवा महापालिकेची परवानगी नव्हे. ती वेगळी मिळवावी लागते.

साठ ताटांचा मसालेभात

या सगळ्या अटींत माणसं आजारी पडतील की नाही हे ठरवणारी अट तापमानाची आहे, आणि घरच्या सवयी तिच्याशी सर्वांत कमी जुळतात. प्राधिकरणाच्या केटरिंगच्या तपासणी-सूचीत आकडे स्पष्ट आहेत. शाकाहारी पदार्थाचा मध्यभाग 60 अंशांवर 10 मिनिटं किंवा 65 अंशांवर 2 मिनिटं राहिला पाहिजे. मांसाहारी पदार्थाला 65 अंशांवर 10 मिनिटं, 70 वर 2 मिनिटं किंवा 75 वर 15 सेकंद. वाढेपर्यंत गरम शाकाहारी अन्न किमान 65 अंशांवर, थंड अन्न 5 अंशांवर किंवा त्याखाली. शिजलेलं अन्न फ्रीजमध्ये ठेवायचं असेल तर पहिल्या दोन तासांत 60 वरून 21 अंशांवर आणि पुढच्या दोन तासांत 5 अंशांवर यायला हवं.

ताईंची साठ जणांची ऑर्डर घेऊ. पाच किलो तांदळाचा मसालेभात, जेवण साडेबाराला. सकाळी घाई नको म्हणून आदल्या रात्री दहाला भात करून पातेलं झाकून ओट्यावर ठेवलं, तर काय होतं? तांदळात बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू असतात. शिजवण्याच्या उष्णतेने ते मरत नाहीत. पातेल्यातल्या भाताचा मधला भाग तासन् तास कोमट राहतो, आणि त्या कोमटपणात बीजाणूंतून जिवाणू वाढून विष तयार करतात. उलटी करवणारं हे विष नंतर भात पुन्हा कितीही गरम केला तरी नष्ट होत नाही. जेवल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. भाताला वास येत नाही, चव बदलत नाही. म्हणून चाखून काही कळत नाही. ‘सकाळी चांगला वाफवून घेतला होता’ हे अशा वेळी खरं असतं, पण उपयोगाचं नसतं.

आता तीच ऑर्डर अटीत बसवून पाहू. भाजी आदल्या रात्री चिरून फ्रीजमध्ये. फोडणी सकाळी नऊला, भात साडेदहाला तयार. गॅसवरून उतरताच तो झाकणाच्या इन्सुलेटेड डब्यात भरायचा. डबा आधी उकळत्या पाण्याने तापवून घेतलेला असावा. निघताना आणि पोचल्यावर डब्याच्या मध्यभागी प्रोब थर्मामीटर खुपसून आकडा वहीत लिहायचा. पोचल्यावर 65 च्या खाली उतरला असेल तर तिथल्या शेगडीवर थेट गरम करायचा, मध्यभाग 75 अंशांवर दोन मिनिटं राहीपर्यंत. वरून गरम पाणी शिंपडून किंवा गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवून केलेलं गरम करणं तपासणी-सूचीला मान्य नाही, कारण त्याने कडा तापतात आणि मध्य कोमटच राहतो.

एखादा पदार्थ आदल्या दिवशी करणं भागच असेल, उदाहरणार्थ उसळीसाठी शिजवलेले छोले, तर पातेलं झाकून ठेवू नये. ते पसरट परातींत दोन बोटांच्या थरात ओतावेत, परात बर्फाच्या पाण्यावर ठेवून ढवळावं, आणि दोन तासांनी आकडा पाहावा. 21 च्या वर असेल तर थर जाड झाला, एवढं त्यातून कळतं. घरगुती फ्रीजला गरम पातेल्याचा भार पेलत नाही. ते आत ठेवलं तर भात थंड होत नाही आणि शेजारचं दूध मात्र तापतं. फ्रीजमध्ये एका वेळी किती अन्न चार तासांत 5 अंशांवर येतं, हीच घरच्या केटररची खरी क्षमता. ऑर्डर घेताना ताटांचा आकडा तिच्यावरून ठरवावा.

अधिकारी आल्यावर

नोंदणीच्या अर्जावर सात दिवसांत निर्णय किंवा तपासणीची सूचना यायला हवी. तपासणी ठरली तर तीस दिवसांत निकाल. या मुदतींत काहीच कळवलं गेलं नाही, तर छोटा उत्पादक काम सुरू करू शकतो. नंतर सुचवलेल्या सुधारणा मात्र कराव्या लागतात. नोंदणी झालेल्या जागेची वर्षातून किमान एकदा तपासणी व्हावी असं विनियम सांगतात, त्यामुळे ती आली म्हणजे कुणी तक्रार केली असं समजून घाबरू नये.

अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला आत येऊ देणं ही अटच आहे. त्रुटी आढळल्यास कलम 32 खाली सुधारणा नोटीस येते. तिच्यात काय चुकलं, काय करायचं आणि किती दिवसांत, हे लिहिलेलं असतं, आणि ही मुदत चौदा दिवसांपेक्षा कमी नसते. ती पाळली नाही तर परवाना निलंबित होऊ शकतो. अस्वच्छ जागेत अन्न तयार केल्याबद्दल कलम 56 खाली एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

अशा वेळी केटररच्या बाजूने बोलतात ते तीन कागद: तापमानाची वही, नोंदणी क्रमांक असलेली किराणा-भाजीची बिलं, आणि पाण्याच्या तपासणीचा अहवाल. यातला एकही कागद अधिकारी दारात आल्यावर तयार करता येत नाही. म्हणून नंबर हाती आला त्याच दिवशी एक प्रोब थर्मामीटर आणि एक वही आणावी, आणि पहिल्या ऑर्डरीपासून तारीख, पदार्थ, उतरवल्याची वेळ, पोचल्यावरचं तापमान असे चार रकाने भरायला लागावं. घोषणापत्रात दिलेला शब्द पाळला जातो आहे की नाही, हे त्या वहीतल्या आकड्यांवरून अधिकाऱ्याच्या आधी केटररलाच कळतं.