खडू कुणाच्या हातात?

‘पावसाळा या विषयावर दहा ओळी लिहा’ असं सांगून शिक्षक खुर्चीत बसले की सातवीची निम्मी मुलं पेन चावत बसतात आणि उरलेली गाइडमधला परिच्छेद आठवून उतरवतात. परिच्छेद जुळवताना लिहिणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं, हे या मुलांनी पाहिलेलंच नसतं.

१९८३ साली पिअर्सन आणि गॅलघर या अभ्यासकांनी वाचन शिकवण्यासाठी एक क्रम मांडला: काम आधी शिक्षकाने करून दाखवायचं, मग दोघांनी मिळून, शेवटी मुलाने एकट्याने. लेखनालाही तो चांगला लागू पडतो.

करून दाखवणं म्हणजे तयार परिच्छेद फळ्यावर उतरवणं नव्हे. समजा विषय आहे ‘शाळेच्या मैदानात झाडं हवीत’. शिक्षक लिहितात, ‘झाडं उपयोगी असतात.’ मग मोठ्याने म्हणतात, ‘हे कुठल्याही शाळेबद्दल खरं आहे, मला आपल्या मैदानाबद्दल बोलायचंय.’ ते खोडून लिहितात, ‘मैदानात सावली नसल्यामुळे उन्हाळ्यात मधल्या सुट्टीत कुणी खेळत नाही.’ पुढे दाखला: ‘मार्चमध्ये सगळे व्हरांड्यातच डबा खातात आणि तिथेच थांबतात.’ झाडांवर पक्षी येतात हे सुचतं, पण मुद्दा सावलीचा, म्हणून ते गाळतात. मुलांना दाखवायचं ते हे खोडणं आणि गाळणं.

मग विषय बदलायचा, समजा ‘ग्रंथालयाचा तास वाढवावा’. खडू शिक्षकाच्याच हातात, वाक्यं मात्र मुलांची. इथे हमखास फसगत होते. पुढच्या बाकावरची तीन मुलं भराभर वाक्यं सांगतात आणि वर्गाला जमलं असं वाटतं. म्हणून मुद्द्याचं वाक्य ठरलं की थांबावं, पुढचं वाक्य प्रत्येकाला वहीत लिहायला सांगावं आणि बाकांमधून फिरावं. बहुतेकांचं वाक्य मुद्द्याला धरून असेल तर पुढे जावं. नसेल तर पुन्हा फळ्याकडे वळावं, त्यात कमीपणा नाही.

एकट्याने लिहिण्याआधी जोडीने लिहिण्याची पायरी बरेच जण वेळ नाही म्हणून गाळतात. माझ्या मते तीच सर्वांत जास्त कामाची, कारण सोबत्याला वाक्य पटवताना मुलाला कारण बोलून दाखवावं लागतं. दोघांनी आपापल्या वहीत लिहावं, नाहीतर ज्याचं अक्षर चांगलं तोच लिहीत बसतो.

शेवटी नवा विषय आणि प्रत्येक जण एकटा. सुरुवातीला ‘मुद्दा, कारण, दाखला’ एवढं टिपण फळ्यावर असू द्यावं, पुढच्या वेळी पुसावं. सगळ्या वह्यांत पहिलं वाक्य ‘नसल्यामुळे’च्याच साच्यातलं आलं, तर मुलांनी विचाराऐवजी वाक्य उचललंय, अशा वेळी वेगळ्या सुरुवातीचा नमुना दाखवावा. गोष्ट सांगणाऱ्या परिच्छेदाला तर हा साचा चालतच नाही.

हे सगळं एका तासात उरकत नाही, चार-पाच तास लागतात. ज्यांना आधीच जमतं त्यांना दुसऱ्या दिवशीच एकट्याने लिहू द्यावं आणि तेवढ्या वेळात अडलेल्या पाच-सहा जणांना फळ्याजवळ बोलवावं.