गृहसजावटीचे शुल्क : दर किती, आणि कशावर?

नव्या सदनिकेसाठी इंटिरिअर डिझायनर नेमताना आपण दराची घासाघीस पुष्कळ करतो. तो दर कशावर लागणार, हे मात्र विचारायचे राहून जाते.

उदाहरणादाखल ९०० चौरस फूट कार्पेटची सदनिका आणि २० लाखांचे काम घेऊ. दहा टक्क्यांनी शुल्क २ लाख होते. मध्येच लॅमिनेटऐवजी व्हिनिअर निवडले आणि खर्च २६ लाखांवर गेला, तर आराखडा तोच राहूनही शुल्क २ लाख ६० हजार होते. शिवाय आपण स्वतः दुकानातून आणलेला फ्रिज, तसेच कंत्राटदाराच्या बिलावरील जीएसटी 'प्रकल्पखर्चा'त धरायचा की नाही, हे करारात लिहिलेले असावे.

चौरस फुटाच्या पद्धतीत महाग लाकडाने शुल्क वाढत नाही. २०० रुपये दराने ते १ लाख ८० हजार होते. मात्र तोच दर १,२०० फूट बिल्ट-अपवर लावला, की २ लाख ४० हजार!

ठोक रकमेत आकडा आधीच कळतो, म्हणून व्यापाऱ्याला ती रुचते. परंतु आराखड्यात किती फेरबदल, जागेवर किती भेटी, वीज व नळजोडणीचे नकाशे त्यात आहेत काय, हे ठरले नसेल तर प्रत्येक बदलाचे वेगळे बिल येते. गरजा निश्चित असतील तर माझी पसंती ठोक रकमेलाच. फक्त शेवटचा हप्ता नकाशे मिळताच न देता काम पूर्ण होईपर्यंत राखावा.