डाव्या कुशीवर पाच मिनिटं

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच पेशंटचं निदान दारातच झालेलं असतं. ‘मूळव्याध आहे, औषध द्या.’ हे निदान कधी शेजाऱ्याने केलेलं असतं, कधी मेडिकलवाल्याने. जागा मात्र कुणीच पाहिलेली नसते.

अशाच एक अंगणवाडीताई आल्या होत्या. वय ५२. संडासच्या वेळी ताजं लाल रक्त थेंब थेंब पडायचं, दुखत काही नव्हतं. आठ महिने चूर्ण आणि मलम चाललं होतं. जिना चढताना धाप लागायला लागली तेव्हा सुनेने ओढून आणलं. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : “डॉक्टर, न तपासता गोळ्या नाही का देता येणार?”

नाही देता येत. रक्त मूळव्याधीचं असतं, तसंच फिशरचं, म्हणजे गुदद्वाराला पडलेल्या चिरेचंही असतं. आतड्यातल्या मोडासारख्या वाढलेल्या गाठीचं असतं आणि कधी कॅन्सरचंही असतं. भांड्यात पडलेल्या रक्ताकडे पाहून त्यातला फरक कळत नाही. म्हणून ताईंना मी आधी सगळं तोंडी सांगितलं आणि तपासणीला सिस्टर आत थांबतील हेही सांगितलं. बाई पेशंट असेल तर सोबत बाई हवीच. डॉक्टरांनी स्वतःहून बोलावलं नाही तर तुम्ही बेधडक मागा. मध्येच ‘थांबा’ म्हणालात तर डॉक्टरांनी थांबायला हवं, हेही आधीच बोलून घ्यावं.

तयारी म्हणाल तर फारशी लागतच नाही. उपाशी राहायचं नाही, घरी एनिमा घ्यायचा नाही. सकाळी पोट साफ झालेलं असलं की पुरे. दवाखान्यात गेल्यावर लघवीला जाऊन यावं आणि जागा साध्या पाण्याने धुवावी. साबण लावून घासत बसू नये, त्याने तिथली नाजूक कातडी आणखी चुरचुरते. कोठा कडक असेल तर डॉक्टर ग्लिसरीनची कांडी ठेवायला सांगतात आणि थोड्या वेळाने पुन्हा बोलावतात. पाळी चालू असली तरी तपासणी होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, रबराच्या हातमोज्यांची ॲलर्जी असेल किंवा त्या जागी पूर्वी ऑपरेशन झालं असेल, तर ते मात्र आठवणीने सांगा. कुणाकडून त्या जागी ‘इंजेक्शन’ मारून घेतलं असेल तर तेही लपवू नका. त्याने झालेल्या जखमा फसव्या दिसतात.

कपडे सगळे काढावे लागतात, ही भीती बहुतेकांच्या मनात असते. तसं नसतं. डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून झोपायचं आणि गुडघे पोटाशी घ्यायचे. साडी मागून वर घेतली जाते, सलवार किंवा पॅन्ट मांडीपर्यंत खाली सरकते, बाकी अंगावर चादर असते. डॉक्टर पाठीमागे असल्याने नजरेला नजर भिडत नाही. लाज वाटणाऱ्यांना याचाच मोठा आधार होतो, असं मी पाहिलं आहे.

सुरुवात नुसत्या पाहण्याने होते. डॉक्टर नितंब हलकेच बाजूला करून बाहेरचा कोंब, सूज, भगंदराचं तोंड, चीर आहे का ते बघतात. ताजी चीर दिसली तर मी तिथेच थांबतो. तिला बोट लागलं की पेशंट कळवळतो, आणि निदान तर झालेलंच असतं. पुढची तपासणी चीर भरल्यावर.

ताईंना चीर नव्हती. मग हातमोजा, भरपूर जेली आणि एक बोट. ते लगेच आत घालायचं नसतं. द्वारावर नुसतं टेकवून थोडं थांबलं की आवळलेला स्नायू आपोआप सैल पडतो. त्या वेळी तोंड उघडं ठेवून हळू श्वास सोडावा. श्वास रोखला की तिथलं सगळं आवळतं. बोट आत गेलं की संडासला लागल्यासारखं वाटतं. ताईही घाबरून म्हणाल्या, “होईल हो इथेच!” तसं होत नाही. गुदाशयाला बोट आणि मळ यांतला फरक कळत नाही, एवढंच. मग डॉक्टर ‘आवळून धरा’ म्हणतात आणि स्नायूची ताकद बघतात. बोट सगळीकडून फिरवून गाठ लागते का ते पाहतात. पुरुषांमध्ये पुढच्या बाजूने प्रोस्टेट हाताला लागते. बोट बाहेर आलं की हातमोज्याकडे नीट बघायचं : ताजं रक्त आहे, काळा मळ आहे की शेंब.

ताईंच्या बाबतीत बोटाला काहीच लागलं नाही. इथे पुष्कळांची फसगत होते. आतली मूळव्याध म्हणजे रक्ताने फुगलेल्या मऊ गाद्या. बोटाखाली त्या दबून सपाट होतात. त्या बघायला नळीच लागते.

ही नळी म्हणजे प्रॉक्टोस्कोप. अंगठ्यापेक्षा थोडी जाड, बोटाएवढ्या लांबीची, आत गोल टोकाचा दट्ट्या बसवलेली. सुश्रुताने अशाच कामासाठी गाईच्या सडाच्या आकाराचं, चार अंगुळं लांबीचं यंत्र वर्णिलं आहे. आजच्या नळीची लांबी त्याच्या आसपासच आहे, हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. जेली लावलेली नळी आधी बेंबीच्या दिशेने आणि मग माकडहाडाच्या दिशेने जाते. दट्ट्या काढला की नळी पोकळ होते आणि आत उजेड टाकता येतो. खरं पाहणं होतं ते नळी हळूहळू बाहेर घेताना. ‘थोडा जोर करा’ म्हटलं की सुजलेल्या गाद्या नळीच्या तोंडात फुगून येतात. ताईंच्या अशा दोन गाद्या दिसल्या, जांभळट, आणि एकीवर रक्ताचा ताजा ठिपका. कुशीवर वळल्यापासून उठून बसेपर्यंत पाच मिनिटं झाली नव्हती.

गुदद्वारापासून साधारण २ सेंटिमीटर आत एक नागमोडी रेष असते. तिच्या खाली सुई टोचल्यासारखं दुखतं, वर तशी वेदना जाणवत नाही. ताईंच्या गाद्या या रेषेच्या वर होत्या. म्हणून रक्त पडूनही दुखत नव्हतं, आणि म्हणूनच त्या आठ महिने थांबू शकल्या. उपायही याच गोष्टीवर बेतलेला आहे. त्याच नळीतून गादीच्या मुळाशी रबरी बँड बसवतात, भूल लागत नाही, आणि आठ-दहा दिवसांत वाळलेली गादी बँडसकट गळून पडते.

पण बँडची घाई मी केली नाही. हिमोग्लोबिन ८.४ आलं होतं. प्रॉक्टोस्कोपला शेवटचे काही सेंटिमीटर तेवढे दिसतात. मोठं आतडं पुढे जवळपास दीड मीटर आहे. पन्नाशी उलटलेली, अंगात रक्त कमी, तर ‘मूळव्याध सापडली’ म्हणून हात झाडून मोकळं होता येत नाही. ताईंना कोलोनोस्कोपीसाठी शहरात पाठवलं. डाव्या बाजूच्या आतड्यात एक छोटी देठाची गाठ निघाली, ती तिथेच काढली. तपासात कॅन्सर नव्हता. बँड त्यानंतर बसवले.

पहिल्या दिवशी घरी जाताना मी त्यांना एवढंच सांगितलं होतं : आज पुसताना रक्ताचा एखादा डाग दिसला तर घाबरू नका. गाठी पडू लागल्या, रक्त थांबेना किंवा चक्कर आली, तर सकाळची वाट न पाहता या. चपला घालता घालता त्यांनी विचारलं, “उद्या अंगणवाडीत जाऊ ना?”

“आत्ता गेलात तरी चालेल,” मी म्हणालो.