रंग घामाने जातो की शाम्पूने?

नुकतेच केस रंगवलेले आहेत, जिममध्ये ट्रेडमिलवर पळून झाल्यावर कपाळ पुसलं आणि पांढऱ्या नॅपकिनवर तांबूस डाग उमटला, की पोटात गोळा येतो. पण हा डाग बहुतेक वेळा धुताना राहून गेलेल्या, केसांवर आणि टाळूवर वरवर चिकटलेल्या रंगाचा असतो. दोन-तीनदा केस धुतले, की तो पडायचा थांबतो.

पक्का रंग केसाच्या आत बसतो. अमोनियामुळे केसावरचे खवले उघडतात, रंगाचे लहान रेणू आत शिरतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे ते एकमेकांना जोडले जाऊन मोठे होतात. मग त्यांना सहज बाहेर पडता येत नाही. घाम म्हणजे बहुतांशी पाणी, त्यात थोडं मीठ आणि लॅक्टिक आम्ल. तो सहसा सौम्य आम्लधर्मी असतो, त्यामुळे खवले उघडण्याची ताकद त्यात नाही. खरं नुकसान होतं ते घामानंतर. पाण्याने केस फुगतो, शाम्पू फेसाळतो आणि थोडा थोडा रंग बाहेर पडतो.

समजा, शनिवारी बर्गंडी रंग केला आणि आठवड्यातून पाच दिवस जिम आहे. रोज घाम आला म्हणून रोज शाम्पू केला, तर चार आठवड्यांत वीस वेळा होतो. दोनदाच केला तर आठ वेळा. लाल छटा तशाही लवकर फिक्या पडतात, त्यामुळे हा फरक डोळ्यांना दिसतो. मधल्या दिवशी टाळू कोमट पाण्याने नुसती विसळावी किंवा मुळाशी थंड हवेचा ड्रायर फिरवावा. रंग केल्यावर पहिले दोन-तीन दिवस शाम्पू टाळायला सलूनवाले सांगतात, ते जरूर पाळावं. त्या दिवसांत जिम बंद ठेवायची मात्र गरज नाही.

सौनाचं गणित वेगळं. तिथली हवा ऐंशी-नव्वद अंशांची आणि कोरडी असते. केस रुक्ष होतात, खवले खरखरीत होतात आणि असा केस पुढच्या धुण्यात रंग लवकर सोडतो. रंग ताजा असेल तर पहिला आठवडा सौना टाळलेली बरी. जायचंच असेल, तर केस सुती टॉवेलात पूर्ण गुंडाळावेत. फिनलंड-रशियाकडे डोकं आणि केस उष्णतेपासून वाचवायला लोकरीची टोपी घालतात.

गुलाबी, निळ्या अशा तात्पुरत्या रंगांना मात्र घामाचीही भीती असते. ते केसाच्या बाहेरच्या थराजवळच राहतात आणि ओले झाले की उतरतात. त्यांच्यासाठी गडद टॉवेलच वापरावा.

आणि महिन्याभराने भांगाशी पांढरी रेघ दिसली, तर तिचा दोष घामाला देऊ नये. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. ती रेघ नव्या वाढीची असते. रंग फिका पडला असेल, तर तो लांबीभर, विशेषतः टोकांशी दिसतो.