कलेजी, बटाटा आणि ऑक्सिजनचे मोजमाप

कॅटलेज हे विकर हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन असे विघटन करते. बंद चंचुपात्रातून निघणारा ऑक्सिजन पाण्याने भरून उपड्या धरलेल्या मोजपात्रात गोळा होतो आणि पाण्याची पातळी उतरते. दर 10 सेकंदांनी त्याचे आकारमान नोंदवायचे असते.

यकृतात कॅटलेज भरपूर असते, बटाट्यात त्या मानाने बरेच कमी. म्हणून कलेजीचा लगदा घालताच फेस उसळतो, तर बटाट्यावर बुडबुडे सावकाश जमतात. तरीही अहवालात फक्त शेवटचे आकारमान लिहिले, तर तुलना फसते. 3 टक्क्यांच्या 1 मिलिलिटर पेरॉक्साइडमधून सुमारे 10 मिलिलिटर ऑक्सिजन मिळतो. म्हणजे 5 मिलिलिटरमधून सुमारे 50, मग विकर कुठलेही असो. बटाट्याला फक्त वेळ जास्त लागतो. खरा फरक आलेखाच्या सुरुवातीच्या चढात दिसतो. समजा, पहिल्या 20 सेकंदांत कलेजीने 30 मिलिलिटर वायू दिला आणि बटाट्याने 4, तर वेग अनुक्रमे सेकंदाला 1.5 आणि 0.2 मिलिलिटर होतो.

दोन्हींचे वजन सारखे घ्यावे आणि ते सारखेच बारीक वाटावे; तुकड्यांत फक्त कापलेल्या पृष्ठभागावरचे विकर झटपट कामाला लागते. बंद पात्रात पिचकारीने 5 मिलिलिटर द्रव सोडला की तेवढीच हवा बाहेर ढकलली जाते, ती वजा करावी. उकळलेल्या कलेजीची नोंदही हवीच. तिच्यातूनही जोरात वायू निघाला, तर विकर पुरते नष्ट झालेले नाही. कलेजीचा फेस नळीत शिरला, तर ते वाचन टाकून द्यावे आणि लगदा पातळ करून प्रयोग पुन्हा करावा.