खुर्चीत बसूनही ‘हद्दीबाहेर’

मस्टरवर सही करायचे दिवस गेले आणि हजेरी मोबाइलवर आली. कर्मचाऱ्यांना आता एक तक्रार हमखास छळते: माणूस टेबलाशी बसलेला आणि अ‍ॅप सांगते, ‘तुम्ही कार्यालयाच्या हद्दीबाहेर आहात.’ वरिष्ठांना हा बहाणा वाटतो. पण बहुतेक वेळा फोनच चुकलेला असतो.

अशा अ‍ॅपमध्ये कार्यालयाभोवती नकाशावर एक वर्तुळ आखलेले असते. समजा, ते १०० मीटर त्रिज्येचे आहे. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन उपग्रहांच्या आधारे आपली जागा साधारण पाच मीटरच्या फरकाने ओळखतो. जाड भिंतींच्या मागच्या खोलीत मात्र उपग्रहांचे संकेत नीट पोचत नाहीत. मग फोन वाय-फाय आणि मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधतो, आणि तो अंदाज कित्येकशे मीटरनेही चुकू शकतो. रेकॉर्ड रूममधला लिपिक नकाशावर थेट बाजारपेठेत जाऊन उभा राहतो तो असा.

आधी फोनमधला नकाशा उघडा. निळ्या ठिपक्याभोवती मोठे फिकट वर्तुळ दिसले, तर फोनलाच आपल्या जागेची खात्री नाही असे समजा. व्हरांड्यात या, अर्धा-एक मिनिट थांबा. वर्तुळ आक्रसले की हजेरी लावा. बॅटरी सेव्हर चालू असेल तर तो आधी बंद करा, कारण काही फोनमध्ये त्यामुळे लोकेशन मंदावते.

बाहेर येऊनही जमत नसेल तर परवानगी तपासा. अँड्रॉइड १२ पासून अ‍ॅपला अचूक जागा द्यायची की अंदाजे, हे फोन विचारतो. पहिल्या दिवशी घाईत ‘अंदाजे’वर बोट पडले असेल, तर व्हरांड्यात कितीही वेळ उभे राहून उपयोग नाही. सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपच्या लोकेशन परवानगीत जाऊन Use precise location चालू करा. माझ्या मते माहितीपत्रकात ही ओळ सर्वांत वर हवी. बहुतेक ठिकाणी ती नसतेच.

चेहरा ओळखला जात नसेल तर खिडकीकडे पाठ करून उभे राहू नका. उजेड तोंडावर हवा. कॅमेऱ्याची काच रुमालाने पुसा, हेही अनेकदा पुरते.

नेटवर्क नसताना काही अ‍ॅप हजेरी फोनमध्येच साठवतात आणि रेंज आली की पाठवतात. ती ‘प्रलंबित’ दिसत असताना अ‍ॅप काढून पुन्हा टाकू नका, ‘क्लिअर डेटा’ही करू नका, साठवलेली नोंद त्यासोबत पुसली जाते. ‘क्लिअर कॅश’ने सहसा ती पुसली जात नाही. दोन्ही बटणे शेजारी-शेजारी असतात, म्हणून दाबण्याआधी नीट वाचा. फोनची वेळ स्वयंचलित ठेवा, नाहीतर वेळेचा मेळ न बसल्याने काही अ‍ॅप नोंदच नाकारतात.

एवढे करूनही नोंद झाली नाही, तर त्रुटीचा संदेश आणि घड्याळ दोन्ही दिसतील असा स्क्रीनशॉट घ्या आणि आस्थापना शाखेला त्याच दिवशी कळवा. महिनाअखेरीला पगारपत्रक बनताना तोंडी सांगितलेले कुणाला आठवत नाही.